बेचाळीस दिवस आणि पाच भाग : ताबापूर्व व्याजाबद्दल अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली
तसेच
अध्यक्ष व सदस्य, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ

विषय : ताबा मिळण्याआधी भरलेल्या गृहकर्जाच्या व्याजाची वजावट आणि स्वतः राहत असलेल्या घरासाठीच्या मर्यादा

महोदया,

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या मुलांना आयकर शिकवते. घरापासून मिळणाऱ्या उत्पन्नाचं प्रकरण दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवते. गेल्या सत्रात ताबापूर्व व्याजाचं गणित मांडलं, पाच वर्षांच्या व्याजाची बेरीज केली, तिला पाचाने भागलं आणि आलेला पाचवा भाग चालू वर्षाच्या व्याजात मिळवला. बेरीज दोन लाखांच्या वर गेली, तेव्हा नियमाप्रमाणे वरचा आकडा खोडला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळं दोन लाखांतच बसवायचं होतं, तर मग पाच भाग करायचे कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. फळ्यावरचे आकडे तिच्यासाठी उदाहरण होते, माझ्यासाठी ते माझ्याच घराचे होते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. सोलापुरात गड्ड्याची यात्रा सुरू आहे, अर्थसंकल्प तोंडावर आला आहे आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होतो आहे. साठ वर्षांहून जुना कायदा नव्याने लिहिला गेला, भाषा सोपी केली गेली, याचं शिक्षिका म्हणून मी स्वागतच करते. पण स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची मर्यादा नव्या कायद्यातही तशीच आली. ही मर्यादा २०१४ साली दीड लाखांवरून दोन लाख झाली होती. त्यानंतर ती हललेली नाही.

आधी माझी गोष्ट सांगते, कारण तक्रार तिच्यातूनच आली आहे.

२०१८ च्या सुरुवातीला आम्ही जुळे सोलापूर भागात दोन बेडरूमचा फ्लॅट नोंदवला. इमारत तेव्हा जोत्याच्या वर आलेली नव्हती. बँकेने वीस लाखांचं कर्ज मंजूर केलं, पण आमचे काही कागद वेळेत जमले नाहीत, त्यामुळे पहिला हप्ता बिल्डरच्या खात्यात गेला तो ९ एप्रिल २०१८ ला. तारीख मुद्दाम लिहिली आहे, पुढे तिचं महत्त्व कळेल. नंतर जसजसे मजले चढत गेले तसतशी बँक पैसे सोडत गेली, आणि जेवढे पैसे सुटले तेवढ्यावरचं व्याज आम्ही दर महिन्याला भरत गेलो. याला सगळे प्री-ईएमआय म्हणतात. यात मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. इकडे पूर्व भागातल्या दोन खोल्यांचं भाडं चालूच होतं. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्या दिवशी बॅरल भरायचं आणि त्याच सकाळी बँकेचा मेसेज यायचा, खात्यातून व्याज वळतं झाल्याचा.

ताबा मिळाला १२ मे २०२३ ला. तोपर्यंतचे बँकेचे सगळे कागद मी सोलापुरी चादर येते ना, त्या चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवत गेले होते. किल्ली मिळाल्यावर पिशवी उघडली आणि वर्षवार बेरीज केली. हजारांत सांगते. २०१८-१९ मध्ये ५२ हजार, २०१९-२० मध्ये ९८ हजार, २०२०-२१ मध्ये ९१ हजार, २०२१-२२ मध्ये १ लाख १ हजार आणि २०२२-२३ मध्ये १ लाख ३८ हजार. एकूण ४ लाख ८० हजार रुपये, फक्त व्याज.

या पाच वर्षांत या व्याजाची एका पैशाची वजावट मिळाली नाही, आणि नियम तसाच आहे. घर पुरं झाल्याशिवाय गृहकर्जाच्या व्याजाची वजावट देणारं कलम २४(बी) लागू होत नाही. ज्या आर्थिक वर्षात घर पुरं होतं, त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज पाच समान भागांत, त्या वर्षापासून पाच वर्षं वजा करायचं. माझ्या बाबतीत पाचवा भाग ९६ हजारांचा. इथे एक गोष्ट बरेच लोक चुकतात, म्हणून जाता जाता सांगते. ताबा मे महिन्यात मिळाला म्हणून एप्रिलचं व्याज ताबापूर्व धरायचं नसतं. ज्या वर्षात घर पुरं झालं, त्या अख्ख्या वर्षाचं व्याज, १ एप्रिलपासूनचं, चालू व्याज म्हणूनच धरतात. पाच भाग होतात ते त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतच्या व्याजाचे.

आता २०२३-२४ चा हिशेब पाहा. कर्ज पूर्ण सुटलं होतं, वीस वर्षांचा ईएमआय सुरू झाला होता, दर नऊ टक्क्यांच्या आसपास. त्या वर्षाचं चालू व्याज १ लाख ७८ हजार. त्यात पाचवा भाग ९६ हजार मिळवला की होतात २ लाख ७४ हजार. मर्यादा दोन लाख. म्हणजे ७४ हजार रुपये तिथेच बुडाले. पुढच्या वर्षी नेता येत नाहीत, दुसऱ्या कुठल्या कलमात बसत नाहीत. पाच भागांपैकी पहिल्या भागातले प्रत्यक्ष कामी आले २२ हजार.

नीट पाहिलं तर दोष कुठे आहे ते दिसतं. कायदा एका हाताने म्हणतो की ताबापूर्व व्याज बुडणार नाही, पाच वर्षांत मिळेल. दुसऱ्या हाताने तेच व्याज चालू व्याजाच्या त्याच पिशवीत कोंबतो आणि पिशवीचं तोंड दोन लाखांवर बांधतो. कर्जाच्या पहिल्या पाच वर्षांतच व्याज सर्वांत जास्त असतं, हे ईएमआय भरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. म्हणजे पिशवी जेव्हा आधीच भरलेली असते, नेमक्या त्याच वर्षांत हे पाच भाग तिच्यात घालायला सांगितले आहेत. मुद्दल फिटत जाऊन व्याज कमी होतं आणि जागा मोकळी होऊ लागते, तोवर पाच वर्षं संपलेली असतात. माझं कर्ज याच दराने चाललं असतं आणि मी पाचही वर्षं वजावटी देणाऱ्या जुन्याच करपद्धतीत राहिले असते, तरी ४ लाख ८० हजारांपैकी साधारण १ लाख ४७ हजारच वजा झाले असते. उरलेले ३ लाख ३३ हजार असेच गेले असते.

प्रत्यक्षात तेवढेही झाले नाहीत. २०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू होऊ लागली, जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला वजावट नाही, ना चालू व्याजाला, ना पाचव्या भागाला. २०२३-२४ ला मला जुनी पद्धत परवडली. २०२४-२५ ला दोन्ही पद्धती कागदावर मांडल्या, तर नव्या पद्धतीत कर साधारण दोन हजारांनी कमी आला. ताबापूर्व व्याज पूर्ण धरलं गेलं असतं तर जुनी पद्धतच चांगली ठरली असती, पण दोन लाखांच्या मर्यादेने तो पर्याय मारला. २०२५-२६ पासून तर नव्या पद्धतीचे टप्पे इतके सैल झाले आहेत की जुन्याकडे वळण्यात अर्थ नाही. माझा कर कमी झाला हे मी नाकारत नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण गोळाबेरीज पाहा. पाच भागांपैकी मला मिळाला एक, तोही पाव हिस्सा. त्या २२ हजारांवर वीस टक्के कर आणि चार टक्के उपकर धरून वाचले ४,५७६ रुपये. पाच वर्षं भाडं सांभाळून भरलेल्या ४ लाख ८० हजारांच्या व्याजावर कायद्याने दिलेली सवलत एवढी.

आणि तरीही आमच्या मजल्यावर मीच नशीबवान आहे.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सिस्टर राहतात, रुग्णालयात परिचारिका. फ्लॅट तोच, बिल्डर तोच, इमारत तीच. किल्ल्या आम्हाला एकाच दिवशी, एकाच टेबलावर मिळाल्या. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स आणला होता, त्यातला पेढा मी पहिला खाल्ला. फरक इतकाच, की त्यांचे कागद माझ्यासारखे रखडले नाहीत. त्यांच्या कर्जाचा पहिला हप्ता २० फेब्रुवारी २०१८ ला सुटला.

कलम २४(बी) मध्ये दोन लाखांची मर्यादा मिळायला एक अट आहे. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर पुरं व्हायला हवं. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, २०१६ च्या अर्थसंकल्पात ती पाच झाली. मुदत चुकली तर मर्यादा दोन लाखांवरून थेट तीस हजारांवर येते. एका वर्षापुरती नाही, त्या कर्जावर कायमची.

माझं कर्ज एप्रिल २०१८ चं, म्हणजे २०१८-१९ या वर्षातलं. माझी मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत. सिस्टरचं कर्ज फेब्रुवारी २०१८ चं, म्हणजे २०१७-१८ मधलं. त्यांची मुदत संपली ३१ मार्च २०२३ ला. ताबा १२ मे ला. बेचाळीस दिवस उशीर.

या बेचाळीस दिवसांची किंमत मी त्यांच्यासोबत बसून काढली. २०२३-२४ मध्ये त्यांचा पगार साधारण नऊ लाख. प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, ८०सी ची पूर्ण दीड लाख आणि आरोग्य विम्याचे पंचवीस हजार वजा जाता उरतात ६ लाख ७२ हजार ५००. चालू व्याज आणि पाचवा भाग मिळून त्यांचं व्याजही दोन लाखांच्या वर होतं. दोन लाख वजा झाले असते तर करपात्र उत्पन्न ४ लाख ७२ हजार ५०० वर आलं असतं, आणि जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या आत असल्यामुळे कर शून्य. पण वजावट मिळते तीस हजारांची. त्यामुळे जुन्या पद्धतीत कर येतो ४२,६४० आणि नव्या पद्धतीत ४१,६००. त्यांनी नवी निवडली आणि ४१,६०० रुपये भरले.

शून्य आणि ४१,६००. मधे फक्त बेचाळीस दिवस, आणि त्या दिवसांत सिस्टरच्या हातात काहीच नव्हतं.

हिशेब झाल्यावर त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझी चूक काय झाली ते तरी सांगा की ओ. कागद लवकर दिले ही?" मला सांगता आलं नाही. मी कागद उशिरा दिले म्हणून वाचले, त्यांनी वेळेत दिले म्हणून बुडाल्या. असा निकाल देणारा नियम वर्गात शिकवताना मला जड जातं.

इमारत का रखडली हेही सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मजूर गावी गेले आणि बरेच महिने आमच्या इमारतीवर फक्त उघड्या सळया आणि निळी ताडपत्री होती. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनेच राज्यांना सांगितलं की कोविड ही दैवी आपत्ती धरा आणि रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे नोंदलेल्या प्रकल्पांना सहा महिने वाढवून द्या. महारेराने तशी मुदतवाढ दिली. बिल्डरला ती मिळाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मजूर नसताना त्यानेही स्लॅब कसा टाकायचा? पण त्याच इमारतीत पैसे अडकलेल्या खरेदीदाराची कलम २४(बी) मधली पाच वर्षं मात्र एका दिवसानेही वाढली नाहीत. भांडवली नफ्याची रक्कम घरात गुंतवण्याच्या मुदती त्या काळात सरकारने पुढे ढकलल्या होत्या, म्हणजे आयकर कायद्याला मुदत वाढवणं जमत नव्हतं असंही नाही. फक्त कर्ज काढून घर बांधून घेणारा माणूस त्या यादीत नव्हता. सिस्टर तेव्हा कोविड वॉर्डात ड्युटी करत होत्या. ज्या आपत्तीमुळे सरकारने बिल्डरचे सहा महिने माफ केले, त्याच आपत्तीत राबलेल्या बाईचे बेचाळीस दिवस माफ झाले नाहीत.

कुणी म्हणेल, उशिराबद्दल बिल्डरकडून रेरा कायद्याखाली व्याज मागा. तो हक्क वेगळा आहे. शिवाय मुदतवाढ मिळालेल्या काळाचं व्याज मागायला गेलं, की बिल्डर तोच मुदतवाढीचा आदेश पुढे करतो. आणि आयकराचा तोटा बिल्डरने नाही, कायद्याने केला आहे.

कुणी असंही म्हणेल की आता नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करच नाही, मग हे सगळं कशाला उगाळायचं? सिस्टरच्या बाबतीत २०२५-२६ पासून ते खरंही आहे, त्यांचा कर शून्य होईल. पण २०२३-२४ आणि २०२४-२५ चा भरलेला कर परत येत नाही. ज्यांचं उत्पन्न त्याहून वर आहे आणि कर्ज मोठं आहे, त्यांच्यासाठी जुनी पद्धत अजून जिवंत आहे आणि ही मर्यादाही. आजही सोलापुरात विजापूर रोडला, होटगी रोडला अर्धवट इमारतींवर नोंदणीचे बोर्ड लागलेले आहेत आणि लोक प्री-ईएमआय भरत आहेत. त्यातल्या कितींना ठाऊक असेल की पहिला हप्ता २५ मार्चला सुटला आणि ५ एप्रिलला सुटला, यात पूर्ण एका वर्षाच्या मुदतीचा फरक पडतो?

ही मार्च-एप्रिलची रेघ दुसऱ्या टोकालाही तितकीच बोचते. आमचा ताबा मे ऐवजी मार्च २०२३ मध्ये मिळाला असता, तर २०२२-२३ चे माझे १ लाख ३८ हजार चालू व्याज ठरले असते आणि त्याच वर्षी एकरकमी वजा झाले असते. आधीच्या चार वर्षांच्या ३ लाख ४२ हजारांचा पाचवा भाग ६८,४०० धरून त्या वर्षी मला जवळजवळ सगळंच व्याज मिळालं असतं, दोन लाखांच्या वर गेले असते ते जेमतेम ६,४०० रुपये. सहा आठवडे पुढे गेले आणि तेच १ लाख ३८ हजार पाच तुकड्यांत फुटले. खर्च तोच आणि बँकही तीच. तारखेची रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मी जाणते. पण ही रेघ ओलांडायची की नाही, हे ठरवणं खरेदीदाराच्या हातात असतच नाही. ते बिल्डर, मजूर, सिमेंट, पाऊस आणि पालिकेच्या दाखल्यावर ठरतं.

आणखी एक गोंधळ आहे. घर "पुरं झालं" असं कधी धरायचं? ताबापत्रावरच्या तारखेला, पालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेला, की आपण राहायला गेलो त्या दिवशी? कलमात नेमका कागद सांगितलेला नाही. कर्ज "घेतलं ते वर्ष" कोणतं, तेही नाही. आमच्यासारखं कर्ज एका दिवसात मिळत नाही, ते पाच वर्षांत तुकड्यातुकड्याने सुटतं. मग २०२१ मध्ये सुटलेल्या चार लाखांची मुदतसुद्धा २०१८ पासूनच मोजायची का? सिस्टरच्या कर्जाचा मोठा भाग एप्रिल २०१८ नंतर सुटला आहे. त्या भागासाठी तरी त्यांची मुदत चुकलेली नाही, असं मला वाटतं. पण कलमात स्पष्ट शब्द नसल्यामुळे, नोटीस आली तर काय, या धाकाने त्यांनी हिशेबात तीस हजारांचीच मर्यादा धरली. माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईलाही त्यांना ठामपणे "लावा" म्हणण्याचं धाडस झालं नाही, याची मला आजही खंत आहे.

एक तुलना आणखी करते आणि मागण्यांकडे वळते. माझ्याच इमारतीत कुणी फ्लॅट घेऊन भाड्याने दिला, तर त्याच्या व्याजाला दोन लाखांची ही मर्यादा नाही. चालू व्याज आणि पाचवा भाग, दोन्ही भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतात, आणि नव्या पद्धतीतही भाड्यापुरती ती वजावट मिळते. भाडं हे उत्पन्न आहे, त्याच्यासमोर खर्च धरायला हवा, हे तत्त्व मला मान्य आहे. मुलांना तेच शिकवते. पण ज्याचं एकच घर आहे आणि जो त्यातच राहतो, त्याच्या पाच भागांना नव्या पद्धतीत काहीच जागा नसावी, हे मान्य होत नाही. ते व्याज आम्ही भरलं तेव्हा कायद्याने सांगितलं होतं की ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत वजावट मिळेल. त्या शब्दावर आम्ही हिशेब मांडला, कर्ज काढलं, भाडं आणि व्याज दोन्ही सोसलं. चालू व्याजाचा नियम पुढच्यासाठी बदलणं वेगळं. भरून झालेल्या व्याजाचा शब्द मधेच मागे घेणं वेगळं.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि मुख्य. ताबापूर्व व्याजाचा पाचवा भाग दोन लाखांच्या मर्यादेच्या बाहेर काढा. तिजोरीला तेवढं झेपत नसेल तर त्याला वेगळी मर्यादा द्या. तेही नको असेल तर निदान न बसलेली रक्कम पुढच्या वर्षांत नेऊ द्या. मुद्दल फिटत जाऊन व्याज कमी होईल, तेव्हा ती आपोआप बसेल आणि सरकारवर एका वर्षात भार पडणार नाही.

दुसरी. पाच वर्षांची मुदत रेराच्या मुदतीशी जोडा. प्रकल्पाला रेराने जेवढी मुदतवाढ दिली तेवढीच त्या प्रकल्पातल्या खरेदीदाराला कलमाखाली आपोआप मिळावी. कोविडच्या सहा महिन्यांसाठी हा बदल मागच्या वर्षांपासून लागू करा आणि ज्यांनी तीस हजारांची मर्यादा धरून कर भरला, त्यांना सुधारित विवरणपत्र भरण्याची एक खिडकी उघडून द्या. मुदत थोडक्यात चुकली म्हणून दोन लाखांवरून एकदम तीस हजारांवर ढकलण्याऐवजी मर्यादा उशिराच्या प्रमाणात कमी करण्याचाही विचार व्हावा.

तिसरी मागणी प्रत्यक्ष कर मंडळाकडे आहे, आणि तिला कायदा बदलण्याचीही गरज नाही, एक परिपत्रक पुरेल. घर पुरं झाल्याची तारीख कोणत्या कागदावरून धरायची ते सांगा. हप्त्याहप्त्याने सुटलेल्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या त्याच्या वर्षापासून मोजायची, हेही स्पष्ट करा.

चौथी. ज्यांनी नवी पद्धत आपोआप लागू होण्याआधी, म्हणजे १ एप्रिल २०२३ पूर्वी कर्ज घेतलं आहे, त्यांचे ताबापूर्व व्याजाचे उरलेले भाग नव्या पद्धतीतही वजा करू द्या. चालू व्याज मागत नाही. भरून झालेल्या व्याजाचे उरलेले भाग तेवढे मागते.

आणि शेवटची अगदी साधी. बँकांना सांगून ताबा मिळाल्यावर कर्जदाराला एक दाखला आपणहून द्यायला लावा, ज्यात पहिला हप्ता कधी सुटला, प्रत्येक आर्थिक वर्षात किती व्याज लागलं आणि पाच वर्षांची मुदत कोणत्या ३१ मार्चला संपते, हे एका पानावर असेल. आज ऑनलाइन चटकन निघतो तो चालू वर्षाचा दाखला. मागच्या पाच वर्षांसाठी शाखेत खेटे घालावे लागतात. ज्यांना पाच भागांचा नियमच माहीत नाही ते खेटेही घालत नाहीत आणि आपला हक्क न मागताच सोडून देतात. कार्यालयात दर वर्षी भरून द्यायच्या १२बीबी फॉर्ममध्ये व्याजाचा एकच रकाना आहे, त्यातही ताबापूर्व भागासाठी वेगळी ओळ यावी.

महोदया, हे पत्र मी आमच्या इमारतीत वाचून दाखवलं. खाली सही माझी एकटीची आहे, पण सोबत सात घरांचे पहिला हप्ता सुटल्याच्या आणि ताब्याच्या तारखांचे कागद जोडत आहे. एकाच दिवशी ताबा मिळालेल्या या सात जणांपैकी तिघांची मर्यादा तीस हजार आहे आणि चौघांची दोन लाख. चादरीच्या त्या पिशवीतल्या माझ्या कागदांच्या प्रतीही त्यात आहेत. आपल्या कार्यालयातल्या कुणीही हिशेब तपासून पाहावा. माझी बेरीज चुकली असेल तर मला कळवावं, मी ती फळ्यावर दुरुस्त करीन. आणि बरोबर असेल, तर मागच्या बाकावरच्या त्या मुलीला द्यायचं उत्तर आपण मला द्यावं.

आपली,
आयकर शिकवणारी एक प्राध्यापिका आणि गृहकर्जदार
जुळे सोलापूर